शनिवारी साडेआठला खाली या

कोल्हापुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक खोलीच्या दाराखालून एक घडी घातलेला कागद आत सरकवला गेला. दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेलं पत्र, झेरॉक्स काढलेलं, खाली रेक्टरबाईंची सही. वसतिगृह एका विश्वस्त संस्थेचं आहे. तिथं अडुसष्ट मुली राहतात. कुणी गडहिंग्लज-चंदगडच्या, कुणी सावंतवाडी-कुडाळकडच्या, काही सोलापूर-लातूरहून आलेल्या, दोघी-तिघी बेळगाव आणि निपाणीच्या. नोटीस बोर्डावर दोन ओळी लावून भागलं असतं. बाईंनी पत्र लिहिलं, कारण त्यांना नुसतं कळवायचं नव्हतं. कोणते खेळ ठेवले, कोणते ठेवले नाहीत आणि का, हे त्यांना मुलींना सांगायचं होतं. हे पत्र माझ्या हाती आलं आणि त्यातल्या बारीकसारीक कलमांमुळं मी त्या शनिवारी तिथं जाऊन बसले. वसतिगृहाचं आणि कुणाचंही नाव न छापण्याच्या अटीवर बाईंनी परवानगी दिली.

पत्राची सुरुवात अशी आहे:

‘प्रिय मुलींनो, येत्या शनिवारी रात्री साडेआठ ते पावणेअकरा आपण खालच्या हॉलमध्ये खेळायला बसणार आहोत. जेवण नेहमीपेक्षा अर्धा तास आधी, साडेसातला. हजेरी हॉलमध्येच होईल. ज्यांची परीक्षा किंवा सबमिशन आहे त्यांच्यासाठी वरची अभ्यासिका उघडी राहील आणि तिथं आवाज पोचणार नाही याची जबाबदारी माझी. यायची सक्ती नाही. नुसतं बघायला आलात तरी चालेल, बघणाऱ्यांसाठी खुर्च्या वेगळ्या मांडल्या आहेत.’

शनिवारच का, हे पत्रात नाही, पण बाईंनी मला सांगितलं. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की जवळच्या मुली एसटी पकडून घरी जातात. उरतात त्या लांबच्या. सोलापूर-लातूरच्या मुलींना एका रविवारसाठी घरी जाऊन येणं पैशानंही परवडत नाही आणि वेळेनंही. त्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद. जुलै महिन्यात पहिल्या वर्षाच्या मुली नव्या असतात, बाहेर पाऊस असतो, आणि शनिवारची रात्र ते रविवारची रात्र हा काळ सर्वांत लांबतो. घरी फोन करून रडणाऱ्या मुली या रात्रीच रडतात, असं बाईंचं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. म्हणून खेळ निवडताना त्यांनी ‘मुलींना काय आवडतं’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. पहिला प्रश्न होता, अजून कुणाशीच बोलत नसलेली मुलगी यातल्या कोणत्या खेळात येऊन बसू शकेल.

त्याचं उत्तर म्हणून पहिला खेळ हाउजी ठेवला होता. पत्रात त्याबद्दल फक्त तीन ओळी आहेत: ‘साडेआठला हाउजी. तिकिटाला पैसे नाहीत. पहिले पाच, वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ आणि फुल हाउस अशी पाच बक्षिसं. एकाच आकड्यावर दोघींचं लागलं तर बक्षीस दोघींचं.’

हाउजीत कसब काहीच लागत नाही, आणि इथं तेच हवं होतं. तिकिटावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच आकडे, म्हणजे एकूण पंधरा. एक ते नव्वदमधले आकडे पुकारले जातात आणि आपल्याकडचा आकडा आला की खोडायचा. हॉलमध्ये येऊन कुठं बसायचं, कुणाजवळ बसायचं, काय बोलायचं हा प्रश्नच उरत नाही. हातात कागद आणि पेन असतं, नजर खाली असते, तरीही सगळ्याजणी एकच गोष्ट करत असतात. त्या रात्री चव्वेचाळीस मुली आल्या होत्या. एवढी तिकिटं असली की फुल हाउस साधारण सत्तर आकडे पुकारून झाल्यावर लागतं. मुली कमी असतील तर आणखी उशिरा. आकड्यामागं पंधरा-वीस सेकंद धरले की वीस-पंचवीस मिनिटं होतात. साडेआठ ते नऊ हा अर्धा तास बाईंनी असा हिशेब करून ठेवला होता. जेवून रेंगाळत येणाऱ्या मुलींनाही तेवढ्या वेळात येऊन टेकता येतं.

पत्राचा सर्वांत मोठा भाग कॅरमला दिलेला आहे, आणि तो मी दोनदा वाचला. गेल्या वर्षी इथं कॅरमची बाद फेरीची स्पर्धा झाली होती. सोळा मुली, आठ जोड्या. पहिल्या फेरीत चार जोड्या हरल्या आणि त्यांची रात्र तिथंच संपली. दुसऱ्या फेरीनंतर आणखी दोन गेल्या. अंतिम सामना रंगला तेव्हा तो बघायला खेळणाऱ्या चौघी आणि त्यांच्या खोलीतल्या मैत्रिणी एवढ्याच होत्या. बाकीच्या वर जाऊन मोबाइल घेऊन पडल्या होत्या. बाई म्हणाल्या, “जी मुलगी कमी खेळलेली आहे तिला खेळायला मिळावं म्हणून आपण बोर्ड मांडतो, आणि बाद फेरी नेमकी तिलाच पंधरा मिनिटांत उठवते.”

म्हणून यंदाच्या पत्रात हे आलं:

‘कॅरम जोडीनं. आठ जोड्यांचे दोन गट, प्रत्येक गटात चार जोड्या. गटातली प्रत्येक जोडी बाकीच्या तिघींशी एकेक बोर्ड खेळेल. म्हणजे कुणीही येवो, तिला तीन बोर्ड मिळणारच. एका गटाला एक कॅरम. एका बोर्डाला पंधरा मिनिटं. अंतिम सामना नाही. तीन बोर्डांतले विजय मोजायचे, बरोबरी झाली तर गुण.’

हिशेब करून पाहिला तर तो चोख बसतो. चार जोड्यांत प्रत्येकीनं प्रत्येकीशी एकदा खेळायचं म्हणजे सहा बोर्ड. सहा गुणिले पंधरा म्हणजे नव्वद मिनिटं, नऊ ते साडेदहा. कॅरम दोनच पुरतात, कारण दोन गट शेजारीशेजारी एकाच वेळी चालतात. बाद फेरीत सात बोर्डांत सगळं आटोपलं असतं आणि निम्म्या जोड्यांना एकच बोर्ड मिळाला असता. इथं बारा बोर्ड होतात आणि प्रत्येक जोडीला तीन. एका वेळी गटातल्या दोन जोड्या खेळत असतात आणि दोन रिकाम्या. त्या रिकाम्या जोड्यांना पत्रात काम दिलं होतं: एक पंच, एक घड्याळाकडं, एक वहीत गुण लिहायला, आणि एक पावडर-फडक्याला. त्यामुळं कुणी उठून गेलं नाही. पंच असलेली मुलगी पुढच्या बोर्डाला बसली की आधी स्वतः पुकारलेला नियम तिला मोडता येत नाही, हाही त्यातला एक फायदा मला तिथं दिसला.

पंधरा मिनिटांत बोर्ड संपला नाही तर काय, हेही पत्रात आधीच लिहिलं होतं: घंटा झाली की हातातला फटका पुरा करायचा, मग ज्यांच्या सोंगट्या बोर्डावर कमी त्या जिंकल्या. सोंगट्या सारख्या असतील तर राणी घेऊन कव्हर केलेली जोडी जिंकली. राणीही बोर्डावरच असेल तर बरोबरी. असं कलम आधी लिहिलेलं नसलं की भांडण हमखास होतं, कारण घंटेनंतर सुचवलेला कोणताही नियम दोघींपैकी एकीच्या बाजूचाच असतो.

नियमांचा खरा घोळ मात्र वेगळाच होता. आपल्याकडं घरोघरी कॅरम दोन तऱ्हांनी खेळतात. एक स्पर्धेची तऱ्हा: नऊ काळ्या एका बाजूच्या, नऊ पांढऱ्या दुसऱ्या बाजूच्या, आणि लाल राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घालून तिला कव्हर द्यायचं. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील त्याला, समोरच्याच्या जितक्या उरल्या तितके गुण, आणि राणी त्याची असेल तर वर तीन. एका बोर्डात जास्तीत जास्त बारा गुण होतात. दुसरी घरगुती तऱ्हा: काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास, आणि ज्याला जी दिसेल ती त्यानं घ्यायची. चंदगडकडच्या एका मुलीनं आयुष्यभर दुसऱ्याच तऱ्हेनं कॅरम खेळलेलं होतं. पत्र वाचून ती शुक्रवारीच बाईंकडं गेली. “मॅडम, आमच्यात असं न्हाई खेळत. कुठलीबी घ्यायची असती.” बाईंनी तिला आणि तिच्यासारख्या आणखी दोघींना शुक्रवारी संध्याकाळी बोर्ड मांडून पाऊण तास खेळायला लावलं. शनिवारी सर्वांसमोर नियम विचारायची वेळ त्यांच्यावर आली नाही. पत्र गुरुवारीच वाटण्याचं कारण मला इथं कळलं. एक मोकळा दिवस मध्ये असला की ज्याला कळलं नाही तो एकट्यानं येऊन विचारू शकतो.

वसतिगृहात तीन कॅरम बोर्ड आहेत. तिसरा बोर्ड बाईंनी स्वतः बाद केला. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला बोर्ड कोल्हापूरच्या पावसात ओल धरतो आणि पोटातून वाकतो. ओळखायची रीत त्यांनी करून दाखवली. लांब सरळ पट्टी बोर्डावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी धरायची आणि डोळा पट्टीच्या पातळीला न्यायचा. पट्टीखालून मध्यावर उजेड दिसला तर बोर्ड खोलगट झालेला आहे. अशा बोर्डावर हळू सोडलेली सोंगटी वळून मधे येते आणि चांगल्या खेळणारीलाही आपला नेम चुकला असं वाटत राहतं. उरलेले दोन बोर्ड त्यांनी आठवडाभर आडवे, कोरड्या खोलीत ठेवले होते. बोरिक पावडरची चिमूट टाकून मऊ फडक्यानं सारखी करायची, ढीग राहू द्यायचा नाही. मुलींना वाटतं जास्त पावडर म्हणजे जास्त वेग, पण ढिगात सोंगटी अडखळते. दिवा बोर्डाच्या बरोबर मध्यावर टांगला होता, नाहीतर चौघींपैकी दोघींना आपल्याच हाताच्या सावलीत खेळावं लागतं.

पत्त्यांत बाईंनी एकच खेळ ठेवला, मेंढीकोट. झब्बू आणि बदाम सात मुली खोल्यांत खेळतातच, त्यासाठी हॉल लागत नाही. मेंढीकोटला चौघी लागतात आणि समोरासमोरच्या दोघी भिडू असतात. तेरा-तेरा पानं वाटायची. चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीकडं आल्या ती जोडी जिंकली. दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात करणारी जोडी. चारही मेंढ्या एकीकडं आल्या तर समोरच्यांवर मेंढीकोट चढला. ऐकायला सोपं, पण एक गोष्ट प्रत्येक तालुक्यात वेगळी असते, ती म्हणजे हुकूम कसा ठरवायचा. काही ठिकाणी बंद हुकूम असतो: एकीनं एक पान उपडं ठेवायचं आणि ते कधी उघडायचं याचे नियम. काही ठिकाणी कट हुकूम: उतारीचा रंग जिच्याकडं नाही ती पहिल्यांदा जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. पत्रात कट हुकूम ठरवला होता आणि कारणही दिलं होतं: ‘बंद हुकमात पान ठेवणारीला अनुभव लागतो. कट हुकमात नव्या मुलीच्या हातूनही हुकूम ठरू शकतो.’

या खेळातली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र पुढं होती: ‘भिडू चिठ्ठीनं. एका खोलीतल्या दोघी भिडू आल्या तर चिठ्ठी पुन्हा काढायची.’ एका खोलीतल्या मुलींच्या खाणाखुणा ठरलेल्या असतात. त्यात कानाला हात लावला की बदाम, नाक खाजवलं की किलवर, असे प्रकार चालतात. पण बाईंचा हेतू तेवढाच नव्हता. वसतिगृहात मुली गावानुसार, ओळखीनुसार आणि, न बोलता, जातीनुसारही गट करून बसतात. कोल्हापुरात हे सांगताना थोडं मागं पाहावं लागतं. शाहू महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांचं एकत्र वसतिगृह चालवून पाहिलं, ते त्या काळी जमलं नाही. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. त्यांच्यामुळं खेड्यातली मुलं शिकली. आज या वसतिगृहात अर्ज गुणांवर आणि गरजेवर घेतले जातात, पण जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसतं हे अर्ज ठरवत नाही. मेंढीकोटमध्ये भिडूकडं पाहावंच लागतं, तिच्याकडं कोणती पानं असतील याचा विचार तेरा हात करावा लागतो, तिनं मेंढी वाचवली की आपण आपसूक टाळी देतो. दोन टेबलं, आठ मुली, आणि पावणेदहाला पुन्हा चिठ्ठ्या, म्हणजे प्रत्येकीला दोन अनोळखी भिडू. मला हे कलम सर्व पत्रात सर्वांत विचारपूर्वक केलेलं वाटलं.

चौथा खेळ चिंचोक्यांचा पट. हा मुलींनीच सुचवला. पाच बाय पाच घरांचा चौकोन खडूनं फरशीवर काढायचा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यावर फुली. फुलीवरच्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. चौघींची चार घरं म्हणजे या चार बाजूंच्या फुल्या. सोंगटी आधी बाहेरची सोळा घरं फिरते, मग उलट दिशेनं आतली आठ, मग मधल्या फुलीत जाऊन पिकते. चिंचोके दगडावर घासून अर्धे केलेले असतात, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. चार चिंचोके टाकायचे, जितके पांढरे तितकी घरं. सगळे पांढरे पडले तर चार, एकही पांढरा नसेल तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं.

निपाणीची मुलगी याला चौकाबारा म्हणाली, सोलापूरकडची चल्लस-आठ म्हणाली, आणखी एकीकडं त्याला नुसतं पट म्हणतात. खेळ तोच, पण एक नियम काही ठिकाणी आहे आणि काही ठिकाणी नाही: दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या आठ घरांत जाता येत नाही. हा नियम लावला तर डाव फार लांबतो, कारण कुणाचीच सोंगटी मारता न आलेली मुलगी बाहेरच फिरत राहते. पत्रात बाईंनी तो काढून टाकला होता आणि प्रत्येकीला चारऐवजी दोनच सोंगट्या दिल्या होत्या. तरीही त्या रात्री दोन पटांपैकी एकच पूर्ण झाला.

चिंचोक्यांवरून थोडा वादही झाला. एका पटावर आठ फार पडू लागलं. चारही नाणी उलटी पडण्याची शक्यता सोळात एक असते, पण चिंचोका म्हणजे नाणं नव्हे. तो कमी घासलेला असला तर तपकिरी बाजू फुगीर राहते, आणि पांढरी बाजू खाली टेकून बसण्याकडं त्याचा कल असतो. लातूरची एक मुलगी शांतपणे चारही चिंचोके घेऊन एकेक करून फरशीवर टाकत बसली. दोन चिंचोके दर वेळी तपकिरीच पडताहेत हे तिनं सर्वांना दाखवलं, मग हॉलबाहेरच्या पायरीवर ते आणखी घासून आणले. पुढं आठ कधीतरीच पडलं. तिच्या गावी ती आजीबरोबर हा खेळ खेळायची आणि चिंचोके घासायचं काम तिचंच असे. ही मुलगी महिनाभरात मेसमध्ये कुणाशी दोन वाक्यंही बोलली नव्हती, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

उरलेल्यांसाठी मूकाभिनय, ज्याला सगळ्या मुली दमशेराज म्हणतात. यात बाईंनी दोन बंधनं घातली होती. चिठ्ठ्यांत मराठी सिनेमे, नाटकं आणि म्हणी असतील, इंग्रजी सिनेमे नाहीत, कारण शहरातून आलेल्या दोघी-चौघीच मग अभिनय करतात आणि बाकीच्या हसतात. दुसरं, चिठ्ठ्या मुलींनीच लिहून शुक्रवारपर्यंत डब्यात टाकायच्या आणि बाई त्या वाचून मगच खेळात घेणार. तीन चिठ्ठ्या त्यांनी बाजूला काढल्या होत्या. त्यांत वसतिगृहातल्याच मुलींची नावं होती, नक्कल करायला.

इथून पत्राचा शेवटचा भाग सुरू होतो, तो म्हणजे काय नाही. ‘रमी आणि तीन पत्ती नाही. पैसे लावून काहीही नाही, रुपया नाही आणि चहाही नाही.’ रमीबद्दल एका मुलीनं हरकत घेतली होती की तो कसबाचा खेळ आहे. तिचं म्हणणं कायद्याला धरून आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कसबाचा खेळ आहे असं म्हटलेलं आहे. बाईंचा मुद्दा वेगळा आहे. वसतिगृहात एकीच्या घरून महिन्याला येतात ते पैसे आणि दुसरीच्या घरून येतात ते यांत फार अंतर असतं. पाच रुपयांचा डाव एकीला गंमत वाटतो, दुसरी त्याच पाच रुपयांसाठी वडाप सोडून चालत कॉलेजला जाते आणि तरी नाही म्हणू शकत नाही.

आणि शेवटी: ‘ट्रुथ अँड डेअर नाही. कुणाला काही “टास्क” द्यायचं नाही, हॉलमध्ये नाही आणि खोलीतही नाही.’

या एका ओळीवर सर्वांत जास्त नाराजी होती, विशेषतः तिसऱ्या वर्षाच्या मुलींची. त्यांच्या मते हा निरुपद्रवी खेळ आहे. आपसांत, बरोबरीच्या चार मैत्रिणींत तो तसा असेलही. पण महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ पासून आहे, आणि त्यात विद्यार्थ्याला त्रास देणं, चिडवणं, धमकावणं यांच्याबरोबरच, जे तो एरवी आपखुशीनं करणार नाही ते करायला सांगणं, हेही रॅगिंग धरलेलं आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गोल करून बसलेल्या सात सीनियर आणि दोन नव्या मुली, बाटली फिरते, तोंड नव्या मुलीकडं थांबतं, आणि तिला विचारतात, तुझा बॉयफ्रेंड आहे का, किंवा सांगतात, गच्चीत जाऊन नाच. ती नाही म्हणू शकते असं सगळ्याच म्हणतात. बाईंनी मला विचारलं, “वर्गातली पहिली ओळख व्हायची असताना, सातजणी बघत असताना, ती नाही म्हणेल?” मी या बाबतीत पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. खेळाचं नाव दिल्यानं त्यातली जबरदस्ती कमी होत नाही, उलट तक्रार करणारीच खेळ मोडणारी ठरते. पत्रात बाईंनी कायद्याचा उल्लेख केला नाही. त्यांनी लिहिलं: ‘कॅरममध्ये हरलात तर सोंगट्या हरतात. या खेळात मुलगी हरते. म्हणून नाही.’ अँटी रॅगिंग समितीचे फोन नंबर मात्र पत्राच्या तळाशी होते.

त्या रात्री सर्व काही पत्राप्रमाणं झालं असं नाही. हाउजी दहा मिनिटं उशिरा सुरू झाली, त्यामुळं कॅरमच्या सहाव्या बोर्डाला फक्त आठ मिनिटं उरली आणि एका गटाचा निकाल सोंगट्या मोजून लावावा लागला. नियम आधीच लिहिलेला असल्यानं कुणी वाद घातला नाही, पण हरलेली जोडी खट्टू झालीच. दमशेराजचा आवाज इतका वाढला की अभ्यासिकेतून एक मुलगी खाली आली. बाईंनी ताबडतोब तो गट मेसच्या खोलीत हलवला. मेंढीकोटच्या एका टेबलावर भिडूनं मेंढी चुकीच्या हातात टाकली म्हणून एकजण चिडली, आणि पुढच्या चिठ्ठीत नशिबानं तिला पुन्हा तीच भिडू आली. त्या दोघींनी त्यापुढचे तीनही डाव जिंकले.

बघणाऱ्यांच्या खुर्च्यांवर सुरुवातीला नऊ मुली होत्या. साडेनऊपर्यंत त्यांतल्या सहाजणी कुठं ना कुठं जाऊन मिसळल्या. कुणी गुण लिहायला बसली, कुणी कुणाच्या जागी. तिघी शेवटपर्यंत बघतच राहिल्या. बाईंनी त्यांना एकदाही ‘या ना खेळायला’ म्हटलं नाही. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी पत्रात लिहिलंय, बघितलं तरी चालेल. मग ते खरंच चाललं पाहिजे.”

बक्षिसं वह्या, पेनं आणि एकेक राजगिऱ्याची वडी अशी होती. सगळं मिळून खर्च हजार रुपयांच्या आत. बाईंच्या मते बक्षीस मोठं झालं की चांगल्या खेळणाऱ्या मुली भिडू निवडून मागायला लागतात आणि चिठ्ठीची पद्धत मोडते.

ऑगस्टच्या पत्राचा मसुदा त्यांनी मला रविवारी सकाळी दाखवला. हाउजी सव्वाआठला, म्हणजे हजेरी आणि तिकीटवाटप एकदमच. पटाला कॅरमइतकाच वेळ, नऊ ते साडेदहा, आणि तिकडं चारजणी जास्त घेता येतील म्हणून आणखी एक चौकोन. चिंचोके तपासून घासायची जबाबदारी लातूरच्या त्या मुलीकडं, तिनं हो म्हटलंय. दमशेराज सुरुवातीपासूनच मेसच्या खोलीत. तिसरा कॅरम बोर्ड सुताराकडं दिला आहे, नीट झाला तर आणखी चार जोड्या घेता येतील, आणि झाला नाही तर नावं गुरुवारी दुपारी बंद. शेवटच्या कलमाला हात लावलेला नव्हता. तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी त्यावर भेटायची वेळ मागितली होती, ती त्यांना मंगळवारी संध्याकाळी दिली होती.